गुणवत्ता यादी लावताना : काय करावे, काय टाळावे

अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या एमबीबीएसच्या जागांपैकी 15 टक्के अखिल भारतीय कोट्यात जातात. उरलेल्या जागांची यादी नीटच्या क्रमांकावरून मुंबईचा राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष लावतो. बीड जिल्ह्यातले पालक या यादीत सगळ्यांत आधी कट-ऑफ शोधतात. पण कट-ऑफ कुणी आधी ठरवलेला नसतो. जागा ज्या क्रमाने भरल्या, त्या क्रमातून तो शेवटी तयार होतो. गुण तेच आणि जागाही तेवढ्याच ठेवल्या, तरी भरण्याचा क्रम चुकला की वेगळीच मुले आत येतात. हा क्रम नीट कसा पाळायचा आणि चुकला तर तो कसा ओळखायचा, हे यादी लावणाऱ्या प्रवेश समितीसाठी आणि ती तपासणाऱ्या पालकांसाठी पुढे दिले आहे.

1. आधी जागांचा तक्ता

करावे : उमेदवारांची नावे उघडण्यापूर्वी प्रत्येक प्रवर्गाच्या जागा पूर्ण आकड्यांत लिहून त्यावर समितीच्या सह्या घ्या. महाराष्ट्रात अनुसूचित जाती 13 टक्के, अनुसूचित जमाती 7, विमुक्त जाती 3, एनटी-ब 2.5, एनटी-क 3.5, एनटी-ड 2 आणि ओबीसी 19, असे 50 टक्के होतात. त्यावर 2024 च्या कायद्याने आलेले एसईबीसी 10 टक्के, आणि त्याशिवाय ईडब्ल्यूएस 10 टक्के. म्हणजे 100 जागा असतील तर खुल्या 30 उरतात.

अपूर्णांकांकडे विशेष लक्ष द्या. 100 जागांत एनटी-बच्या अडीच आणि एनटी-कच्या साडेतीन जागा येतात. दोन्ही आकडे वर ओढले तर 3 आणि 4 होतात, आणि 50 च्या ठिकाणी 51 जागा राखीव ठरतात. अर्धी जागा कोणत्या बाजूला जाईल ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतल्या नियमाने ठरवा. त्यानंतर सगळ्या प्रवर्गांची बेरीज एकूण जागांशी जुळते का ते पाहा.

टाळावे : लहान तुकडीत एखादा प्रवर्ग गुपचूप गायब होऊ देऊ नका. 20 जागांच्या अभ्यासक्रमात एनटी-डचे 2 टक्के म्हणजे 0.4 जागा, आणि नुसते पूर्णांकात आणले की शून्य. वंजारी समाज याच प्रवर्गात येतो आणि बीड जिल्ह्यात तो मोठ्या संख्येने आहे, त्यामुळे हे शून्य इथे लगेच विचारले जाते. अशी जागा बिंदुनामावलीने किंवा अनेक अभ्यासक्रमांच्या जागा एकत्र मोजून द्यायची असते का, ते नियमात पाहा आणि उत्तर तक्त्याखालीच लिहून ठेवा.

मागच्या वर्षीचा तक्ताही तसाच उचलू नका. वैद्यकीय प्रवेशातले 70:30 हे प्रादेशिक सूत्र 2020 मध्ये रद्द झाले आणि 2024 मध्ये एसईबीसीचा रकाना वाढला. जुन्या तक्त्यावर लावलेली यादी पहिल्या ओळीपासूनच चुकते.

2. यादी एकच लावावी

करावे : सगळ्या प्रवर्गांचे सगळे पात्र उमेदवार एकाच सर्वसाधारण गुणवत्ता यादीत गुणानुक्रमे लावा. प्रत्येकाला एकच गुणवत्ता क्रमांक द्या आणि पुढे कोणत्याही टप्प्यावर तो बदलू नका. गुण सारखे असतील तर नियमात दिलेल्या क्रमानेच निवाडा करा. नीटमध्ये आधी जीवशास्त्राचे गुण पाहतात, मग रसायनशास्त्राचे, मग भौतिकशास्त्राचे. एमएचटी-सीईटीचे पर्सेंटाइल दशांश चिन्हानंतर सात अंकांपर्यंत दिलेले असते. ते सातही अंक तक्त्यात उतरवा.

टाळावे : पर्सेंटाइल दोन अंकांवर आणू नका. तसे केले की वेगळे असलेले उमेदवार सारखे दिसू लागतात आणि खोटी बरोबरी तयार होते. बरोबरी सुटली नाही म्हणून नावाच्या आद्याक्षराने किंवा अर्ज आधी आला म्हणून कुणाला वर घेऊ नका. संगणकावर क्रम लावताना फक्त गुणांचा रकाना निवडू नका, नाहीतर गुण सरकतात आणि नावे जागेवरच राहतात. क्रम लावून झाल्यावर यादीतल्या काही ओळी मूळ गुणपत्रकांशी ताडून पाहिल्या की ही चूक लगेच सापडते.

3. प्रवर्ग तारखेशी बांधावा

करावे : एका उमेदवाराचा एका वेळी एकच प्रवर्ग धरा, आणि तोही अंतिम मुदतीपर्यंत अर्जात मागितलेला व कागदपत्रांनी सिद्ध झालेला. मराठवाड्यात हे आता जास्त काळजीने करावे लागते. हैदराबाद गॅझेटबाबतचा शासन निर्णय 2 सप्टेंबर 2025 ला निघाला. त्यानंतर एकाच कुटुंबात एकाकडे एसईबीसीचे आणि दुसऱ्याकडे कुणबी म्हणून ओबीसीचे प्रमाणपत्र असू शकते. समितीने आडनावावरून किंवा भावाच्या प्रवर्गावरून काहीही ठरवू नये. या उमेदवाराने या मुदतीत काय मागितले आणि त्यासाठी काय जोडले, एवढेच पाहावे.

टाळावे : जात वैधता किंवा नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र मुदतीत आले नाही म्हणून उमेदवाराचे नाव यादीतून काढू नका. त्याचा राखीव जागेवरचा दावा जातो, पण खुल्या जागेसाठीची पात्रता तो पूर्ण करत असेल तर त्याचा गुणवत्ता क्रमांक राहतोच आणि खुल्या जागेसाठी तो स्पर्धेत असतोच. नॉन-क्रीमी लेयर विमुक्त जाती, भटक्या जमाती, ओबीसी आणि एसईबीसी यांच्याकडूनच मागा. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराकडून ते मागणे चूक आहे.

4. आधी खुल्या जागा, मग राखीव

यादीचा कणा हाच आहे, म्हणून इथे एक उदाहरण पूर्ण सोडवू. समजा 10 जागा आहेत : खुल्या 5, ओबीसी 2, आणि एससी, एनटी-ड, ईडब्ल्यूएस प्रत्येकी 1. गुणवत्ता क्रमांक 1 ते 15 चे उमेदवार असे आहेत :

- खुला प्रवर्ग : 1, 3, 5, 7 मुलगे, 10 मुलगी
- ओबीसी : 2, 11 मुलगे, 6, 14 मुली
- एनटी-ड : 4 मुलगा, 9 मुलगी
- ईडब्ल्यूएस : 8 मुलगा, 13 मुलगी
- एससी : 12 मुलगी, 15 मुलगा

करावे : खुल्या 5 जागांवर पहिले पाच क्रमांक घ्या : 1, 2, 3, 4, 5. यात 2 ओबीसी आहे आणि 4 एनटी-ड, पण दोघेही आपल्या गुणांवर आले आहेत, म्हणून ते खुल्या जागेवर मोजायचे. खुली जागा कोणत्याही एका समाजाची नसते, तिथे सगळेच स्पर्धक असतात. मग उरलेल्यांतून राखीव जागा भरा. ओबीसीच्या दोन जागांवर 6 आणि 11, एनटी-डवर 9, ईडब्ल्यूएसवर 8 आणि एससीवर 12. दहा जागा भरल्या.

टाळावे : खुल्या जागा फक्त खुल्या प्रवर्गाच्या उमेदवारांना देऊ नका. तसे केले तर काय होते ते पाहा. खुल्या जागांवर 1, 3, 5, 7 आणि 10 येतात. ओबीसीच्या दोन्ही जागा 2 आणि 6 घेतात, एनटी-डची जागा 4 घेतो, आणि ईडब्ल्यूएस व एससीवर आधीसारखे 8 व 12 राहतात. जागा दहाच भरल्या आणि बेरीजही जुळली, पण 9 आणि 11 बाहेर गेले आणि त्यांच्या जागी 7 आणि 10 आत आले. चांगले गुण मिळवणाऱ्या ओबीसी व एनटी-ड मुलांना राखीव जागेत कोंबल्यामुळे त्यांच्याच प्रवर्गातली पुढची दोन मुले प्रवेशाला मुकली.

ही चूक ओळखायला कट-ऑफच उपयोगी पडतो. चुकीच्या यादीत खुल्या जागेचा शेवटचा क्रमांक 10 आहे, ओबीसीचा 6 आणि एनटी-डचा 4. म्हणजे राखीव जागेसाठी खुल्यापेक्षा जास्त गुण लागले. एकाच फेरीत, एकाच अभ्यासक्रमाला, समांतर आरक्षण बाजूला ठेवले तर असे होऊच शकत नाही, कारण खुल्या जागेला पुरेल इतके गुण असलेला उमेदवार आधीच खुल्यात गेलेला असतो. असे दिसले की यादी जाहीर करू नका. जागा भरण्याचा क्रम उलटा झाला आहे.

एका बाबतीत मात्र नियम वाचावा लागतो. राखीव प्रवर्गाच्या उमेदवाराला पात्रतेच्या किमान गुणांत सवलत असते. त्या सवलतीशिवाय जो पात्रच ठरत नाही, त्याला खुल्या जागेवर घेता येते का, हे माहितीपुस्तिकेत पाहून सगळ्यांना एकच न्याय लावा.

5. मुलींच्या जागा प्रत्येक कप्प्यात वेगळ्या मोजाव्या

महिलांचे 30 टक्के आरक्षण समांतर असते. त्यासाठी वेगळ्या जागा नसतात. खुल्या जागांत काही, ओबीसीच्या जागांत काही, अशा प्रत्येक कप्प्यातच त्या धरल्या जातात. अपंग उमेदवारांच्या जागाही याच पद्धतीने चालतात.

करावे : आधी कप्पा निव्वळ गुणांवर भरा आणि त्यात मुली किती आल्या ते मोजा. गुणांवर आलेल्या मुली या 30 टक्क्यांतच धरल्या जातात. सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये राजेशकुमार दारिया प्रकरणात हेच सांगितले. संख्या पुरेशी असेल तर काहीच बदलायचे नाही. कमी असेल तर कप्प्यातला शेवटचा मुलगा काढून पुढची मुलगी आणायची.

आपल्याच उदाहरणात खुल्या कप्प्यात एक आणि ओबीसी कप्प्यात एक जागा मुलींची धरू. खुल्या जागांवर 1 ते 5 सगळे मुलगे आले, म्हणून 5 वा उतरतो. त्याच्या जागी संपूर्ण यादीतली पहिली मुलगी येते, म्हणजे क्रमांक 6. ती ओबीसी आहे, तरीही खुल्या कप्प्यातली मुलींची जागा तिचीच. खुल्यात आता 1, 2, 3, 4 आणि 6 झाले. ओबीसीत 11 आणि 14 येतात. 14 ही मुलगीच असल्याने तिथली अटही आपोआप पूर्ण होते. बाकीच्या तीन जागा बदलत नाहीत. एकल जागेच्या कप्प्यात 30 टक्क्यांनी अर्धीही जागा होत नसल्याने तिथे मुलींची जागा धरलेली नाही.

खुल्या कप्प्यातून उतरणारा मुलगा राखीव प्रवर्गाचा असेल तर तो बाहेर जात नाही. त्याला त्याच्या प्रवर्गाच्या कप्प्यात स्पर्धेत धरायचे. 5 वा उमेदवार इथे खुल्या प्रवर्गाचा असल्याने त्याला दुसरा कप्पा नाही.

टाळावे : 6 ला ओलांडून 10 ला, केवळ ती खुल्या प्रवर्गाची म्हणून, ही जागा देऊ नका. तसे केले तर 6 ओबीसीत जाते, तिथे 6 आणि 11 बसतात आणि 14 चा प्रवेश जातो. सौरव यादव प्रकरणात 18 डिसेंबर 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने हीच पद्धत चुकीची ठरवली. ते प्रकरण उत्तर प्रदेशातल्या पोलीस भरतीचे होते. ऑगस्ट 2024 मध्ये मध्य प्रदेशातल्या एमबीबीएस प्रवेशाच्या रामनरेश प्रकरणात न्यायालयाने हेच तत्त्व लावले. तिथे सरकारी शाळेत शिकलेल्यांसाठी असलेल्या खुल्या कप्प्यातल्या जागा राखीव प्रवर्गाच्या गुणवान विद्यार्थ्यांना नाकारल्या गेल्या होत्या.

6. पसंतीक्रमामुळे कुणाचे नुकसान होऊ देऊ नये

कॉलेजे अनेक असली की आणखी एक पेच येतो. समजा एनटी-ड प्रवर्गातल्या एका मुलीच्या क्रमांकावर खुल्या जागेतून अंबाजोगाई मिळते, पण एनटी-डच्या जागेतून तिला तिच्या पहिल्या पसंतीचे छत्रपती संभाजीनगरचे शासकीय महाविद्यालय मिळू शकते. खुल्यात आली म्हणून तिला अंबाजोगाईच घ्यायला लावली, तर तिच्यापेक्षा कमी गुणांच्या एनटी-ड उमेदवाराला संभाजीनगर मिळेल. जास्त गुण मिळवल्याची ती शिक्षाच ठरेल.

करावे : तिला तिच्या प्रवर्गातून पसंतीचे कॉलेज घेऊ द्या, पण मोजणीत ती खुल्याच जागेवर धरा. महाराष्ट्रातल्याच वैद्यकीय प्रवेशाच्या रितेश साह प्रकरणात 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा मार्ग दाखवला. तिने सोडलेल्या खुल्या जागेचे काय करायचे, हे 2018 च्या त्रिपुरारी शरण प्रकरणात स्पष्ट झाले. तिच्या निवडीमुळे तिच्या प्रवर्गातल्या ज्या उमेदवाराची जागा गेली, त्याला ती द्यायची. एनटी-डच्या वाट्याच्या जागा त्यामुळे जशाच्या तशा राहतात.

टाळावे : तिने एनटी-डची जागा घेतली म्हणून त्या प्रवर्गाची एक जागा संपली असे धरू नका. आमच्याच प्रवर्गाच्या जागा कमी का झाल्या, अशी तक्रार आली तर सगळ्यांत आधी हीच नोंद तपासा.

7. रिकाम्या जागा शेवटी वळवाव्या

करावे : एखाद्या प्रवर्गात पात्र उमेदवारच उरला नाही, तेव्हाच ती जागा वळवा, आणि नियमपुस्तिकेत दिलेल्या क्रमाने. साधारणपणे ती आधी जवळच्या राखीव प्रवर्गांत जाते आणि तिथेही कुणी नसेल तर शेवटी खुल्यात येते. प्रत्येक वळवलेल्या जागेसमोर मूळ प्रवर्ग आणि नवा प्रवर्ग दोन्ही लिहा.

टाळावे : पहिल्याच फेरीत उमेदवार हजर झाला नाही म्हणून जागा खुल्यात टाकू नका. त्या प्रवर्गातला पुढच्या क्रमांकाचा उमेदवार वाट पाहत असतो, आणि एकदा वळवलेली जागा परत आणणे फार कठीण जाते.

8. कट-ऑफ सगळ्यांत शेवटी काढावा

करावे : तक्त्यात दोन रकाने वेगळे ठेवा. एकात उमेदवाराचा प्रवर्ग आणि दुसऱ्यात त्याला मिळालेल्या जागेचा प्रवर्ग. कट-ऑफ नेहमी दुसऱ्या रकान्यावरून काढायचा असतो. गुणवत्ता क्रमांक B रकान्यात आणि मिळालेली जागा E रकान्यात असेल तर ओबीसीचा शेवटचा क्रमांक असा निघतो :

```
=MAXIFS(B:B,E:E,"OBC")
```

मुलींच्या जागांना E रकान्यात वेगळे चिन्ह द्या, म्हणजे त्यांचा कट-ऑफ स्वतंत्र निघेल. आपल्या उदाहरणाची मुलींच्या जागा धरून झालेली यादी घेतली, तर खुला सर्वसाधारण 4, खुला महिला 6, ईडब्ल्यूएस 8, एनटी-ड 9, ओबीसी सर्वसाधारण 11, ओबीसी महिला 14 आणि एससी 12 असे कट-ऑफ येतात. 5 क्रमांकाचा मुलगा बाहेर आणि 6 क्रमांकाची मुलगी आत का, याचे उत्तर या दोन वेगळ्या ओळींतच मिळते.

टाळावे : उमेदवाराच्या प्रवर्गावरून कट-ऑफ काढू नका. तसे केले तर खुल्या जागेवर गेलेले 2 आणि 6 ओबीसीच्या खात्यात येतात, आणि त्या प्रवर्गाने दोनऐवजी चार जागा घेतल्याचा गैरसमज पसरतो. गेल्या वर्षीचा कट-ऑफ यंदाची किमान पात्रता म्हणूनही वापरू नका. जागा, परीक्षेची काठिण्यपातळी आणि पसंती बदलल्या की तोही बदलतो. मागच्या वर्षी एवढ्यावर बंद झाले होते म्हणून एखाद्या मुलाचा अर्ज बाजूला ठेवणे, हा थेट अन्याय आहे.

9. यादी लावण्यापूर्वी आणि लावल्यावर

करावे : जाहीर यादीत प्रत्येक नावापुढे गुणवत्ता क्रमांक, गुण, उमेदवाराचा प्रवर्ग, मिळालेल्या जागेचा प्रवर्ग आणि समांतर आरक्षण असेल तर ते, एवढे पाच रकाने द्या. यादीसोबत जागांचा तक्ताही लावा. आधी तात्पुरती यादी लावून हरकतींसाठी मुदत द्या, आणि हरकतीवरचा निर्णय लेखी द्या.

पालकांनी आपल्या मुलाचा क्रमांक आणि त्याच्या प्रवर्गाचा कट-ऑफ एवढेच पाहून थांबू नये. खुल्या जागांवर राखीव प्रवर्गाची किती मुले आहेत ते मोजावे. अनेक प्रवर्गांची मुले गुणानुक्रमात वर असताना खुल्या जागांवर एकही राखीव प्रवर्गाचे नाव नसेल, तर हरकत लगेच नोंदवावी आणि मिळालेल्या जागेचा रकाना मागावा.

टाळावे : यादीतल्या एका नावाची चूक सापडली म्हणून फक्त तेवढे नाव बदलू नका. एक उमेदवार खुल्यातून राखीव कप्प्यात सरकला की पाठचे अनेक जण सरकतात. म्हणून मूळ गुणवत्ता क्रमांक तसेच ठेवून सगळ्या जागा पहिल्या खुल्या जागेपासून पुन्हा भरा, जुनी आणि नवी यादी शेजारी ठेवा, आणि ज्यांची जागा बदलली त्या प्रत्येकाला कारणासह कळवा.